पाकीट ओलं निघालं तर

या, बसा. चहा घेता घेता ऐका. हातमोजे, मास्क, खुर्ची पुसणं हे तुम्ही दोघी दोन दिवसांत बघून शिकाल. आज फक्त ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने अवजारांवरचे जंतू मारणाऱ्या मशीनचं सांगते, कारण चुका तिथेच होतात आणि दिसत नाहीत.

पेशंट उठला की अवजारं ट्रेमध्ये वाळू द्यायची नाहीत. सुकलेलं रक्त निघता निघत नाही, आणि त्याच्या थराखाली वाफ पोचत नाही. जाड रबरी मोजे घाला, तपासणीचे पातळ नकोत, त्यांतून टोक सहज आरपार जातं. ब्रश पाण्याखाली धरूनच चालवा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. मग अवजारं धुऊन पूर्ण कोरडी करा. दात काढायच्या चिमट्याचा सांधा उजेडात धरून बघा, घाण तिथेच दडते. मग प्रत्येक अवजार एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिक असलेल्या पाकिटात बंद करायचं; त्यात घालताना चिमटा उघडाच ठेवा.

आता भरणं. पाकिटं एकावर एक आडवी रचायची नाहीत. रॅकमध्ये उभी लावा, वह्या लावतो तशी, मध्ये बोट जाईल इतकी फट ठेवून. वाफ कागदाच्या बाजूने आत शिरते, प्लॅस्टिकमधून नाही. आपलं मशीन 121 अंशांवर 30 मिनिटं चालतं, आणि त्यानंतर वाळवणं वेगळं. घाई असली की सगळे हे वाळवणंच कापतात.

मागच्या श्रावणात दुपारी गर्दी होती. आधीच्या मुलीने दोन फेऱ्यांचा माल एकाच फेरीत कोंबला आणि चक्र संपताच दार उघडलं. पाकिटांवरच्या खुणेचा रंग बदललेला, म्हणून मीही निश्चिंत होते. एक पाकीट हातात घेतलं तर कागद मऊ लागला, आत प्लॅस्टिकला थेंब चिकटलेले. ओला कागद बाहेरचे जंतू आत ओढतो, म्हणजे ते पाकीट गेलंच. सगळी फेरी परत केली, नव्या पाकिटांत, आणि दोन पेशंटांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. एकाने बरंच ऐकवलं, त्याचंही बरोबर होतं. बाहेरच्या खुणेवरून पाकिटाला उष्णता लागली एवढंच कळतं, जंतू मेले की नाही ते नाही. ते बघायला आठवड्यातून एकदा बीजाणूंची, म्हणजे सहजी न मरणाऱ्या जंतूंची चाचणी करतो, ती सोमवारी दाखवीन.

आपल्याकडे पावसात मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. म्हणून पाकिटं सिंकजवळ किंवा भिंतीला टेकून नकोत, बंद कपाटात, तारीख घालून ठेवा. वापरण्याआधी बोटाने चाचपा. ओलं, फाटलं किंवा कडेला सुटलेलं असेल तर मला न विचारता बाजूला काढा.

आणि मध्येच वीज गेली तर उरलेली मिनिटं मोजून पुढे चालवायचं नाही. चक्र पहिल्यापासून. वहीत वेळ लिहा, वीज गेली तेही लिहा.