पैसे भरले, माल अजून विक्रेत्याकडे: आगाऊ रक्कम देण्याआधीची तयारी

बिलावर तुमचं नाव आहे, पैसे पूर्ण गेले आहेत आणि माल विक्रेत्याच्या गोदामात आहे. अशा वेळी विक्रेत्याचं दिवाळं निघालं, तर माल तुमचा की त्याच्या सगळ्या धनकोंचा, एवढा एकच प्रश्न उरतो. पैसे भरल्याने त्याचं उत्तर ठरत नाही, आणि बहुतेक खरेदीदारांची चूक नेमकी इथेच होते. इंग्लंडचा 1893 चा मालविक्री कायदा, त्याच्या जागी आलेला 1979 चा कायदा आणि त्याच घडणीचा भारताचा 1930 चा कायदा, सगळे मालकी कधी सरकते हे मालाच्या अवस्थेवरून आणि करारातल्या हेतूवरून ठरवतात. किंमत दिली की नाही हा वेगळा हिशोब. म्हणून खालची तयारी धनादेश लिहिण्याच्या आधीची आहे. विक्रेता बुडाल्यावर यातलं जवळजवळ काहीच नव्याने करता येत नाही.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा की मी ज्यासाठी पैसे देतोय त्या मालाकडे बोट दाखवता येईल का? ‘ते तिकडचं यंत्र, अमुक क्रमांकाचं’ असं म्हणता आलं तर तो निश्चित माल. ‘अमुक मॉडेलचे तीस पंप’ एवढंच म्हणता येत असेल, तर कोणते तीस हे ठरेपर्यंत मालकी सरकूच शकत नाही. करारात काहीही लिहिलेलं असो. हा नियम कडक आहे. ‘पैसे मिळताच मालकी खरेदीदाराची’ असं वाक्य घातलं की काम झालं असं समजणारे लोक मी पाहतो, आणि प्रत्येक वेळी तेच सांगतो की मालच ठरला नसेल तर त्या वाक्याला धरायला काही नाही.

हे किती बोचतं ते 1927 च्या इंग्लिश लॉ रिपोर्टातल्या ‘री वेट’ प्रकरणात दिसतं. वेट नावाच्या व्यापाऱ्याने जहाजावरून येणारा 1000 टन गहू घेतला आणि त्यातला 500 टन पुढे विकला. पुढच्या खरेदीदाराने पैसे देऊन टाकले. जहाज पोचण्याआधी वेट दिवाळखोर झाला. गहू होता, जहाज ठरलेलं होतं, पैसे दिलेले होते; पण 1000 टनांतले ‘हे 500’ असं कोणी वेगळं काढलेलं नव्हतं. खरेदीदार इतर धनकोंच्या रांगेत उभा राहिला. न्यूझीलंडमध्ये 1988 मध्ये बुडालेल्या सोन्याच्या एका व्यापारी कंपनीचंही असंच झालं. ‘तुमचं सोनं आमच्याकडे सुरक्षित आहे’ म्हणून कागद मिळालेल्या ग्राहकांना 1994 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे न्यूझीलंडच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, सांगितलं की तुमच्या नावाने वेगळं काढलेलं सोनंच नव्हतं. इंग्लंडने 1995 मध्ये कायदा बदलला. आता ठरलेल्या ढिगातल्या ठरावीक मापाचे पैसे दिले असतील, तर खरेदीदार त्या प्रमाणात ढिगाचा सहमालक होतो. भारताच्या 1930 च्या कायद्यात अशी तरतूद नाही. म्हणून सुटा माल, धान्य, तेल, धातू असं काही घेत असाल तर कराराला कोणता कायदा लागू होतो हे आधी बघा आणि शक्य असेल तर वेगळं मोजून, वेगळ्या टाकीत किंवा वेगळ्या थप्पीत ठेवण्याची अट घाला.

आता मालकी सरकण्याचा क्षण नेमका लिहून घ्या. कायद्याचे ठोकताळे फक्त तेव्हा कामाला येतात जेव्हा पक्षकारांचा हेतू दिसत नाही. अजून ठरायच्या मालासाठीचा ठोकताळा असा की माल वर्णनाप्रमाणे आणि द्यायला तयार अवस्थेत असावा, तो विनाशर्त या कराराला नेमून दिलेला असावा आणि त्याला दुसऱ्या पक्षाची संमती असावी. यातला ‘विनाशर्त’ हा शब्द जड आहे. 1957 च्या कार्लोस फेडरस्पील प्रकरणात कोस्टा रिकाच्या खरेदीदाराने सायकलींचे पैसे आगाऊ दिले होते. सायकली खोक्यांत भरल्या होत्या, खोक्यांवर त्याचं नाव घातलं होतं, जहाजावर जागाही मागितली होती. तेवढ्यात विक्रेत्या कंपनीवर रिसीव्हर, म्हणजे धनकोंसाठी मालमत्ता ताब्यात घेणारा माणूस, आला. न्यायालयाने म्हटलं की या करारात विक्रेत्याचं शेवटचं निर्णायक काम होतं माल जहाजावर चढवणं. तोपर्यंत त्याला खोकी बदलता येत होती, म्हणून मालकी सरकली नव्हती.

यातून घ्यायचं ते हे की खोक्यावरचं नाव पुरत नाही. विक्रेत्याला उद्या तेच खोकं दुसऱ्याला पाठवून तुमच्यासाठी नवीन भरता येत असेल, तर ते अजून त्याचंच आहे. त्याचे हात बांधणारा कागद हवा. मी अशा वेळी साधारण असं वाक्य सुचवतो: ‘सोबतच्या यादीतील अनुक्रमांकांच्या वस्तूंची मालकी या पत्राच्या तारखेपासून खरेदीदाराकडे गेली आहे; यापुढे विक्रेता त्या खरेदीदाराच्या वतीने केवळ सांभाळतो आणि लेखी संमतीशिवाय बदलू, विकू किंवा तारण ठेवू शकत नाही.’ हे पत्र आलं की त्याच दिवशी लेखी होकार पाठवा. मूळ करारात ‘मालकी माल रवाना झाल्यावर जाईल’ असं छापील कलम असेल तर ते आधी काढून घ्या, नाहीतर दोन कागद एकमेकांशी भांडतील.

एक उदाहरण धरून चालू. तीस पंपांची ऑर्डर, पूर्ण रक्कम आगाऊ. विक्रेता बुडतो त्या दिवशी गोदामात चित्र असं आहे: दहा पंप जोडून, चाचणी होऊन वेगळ्या रॅकवर आहेत, त्यांचे अनुक्रमांक वरच्या पत्रासारख्या पत्राने कळवले आहेत आणि खरेदीदाराने होकार दिला आहे. बारा पंप खोक्यांत आहेत, वर खरेदीदाराचं नाव चिकटवलंय, पण चाचणी राहिली आहे आणि कोणी काही कळवलेलं नाही. आठ पंपांचे फक्त ओतीव भाग पडलेत. दहा पंप खरेदीदाराचे. बारांचा दावा बहुतेक टिकणार नाही, कारण करारानुसार चाचणी बाकी असल्याने ते द्यायला तयार अवस्थेत नव्हते आणि नेमून दिल्याचं पत्रही नाही. आठांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे वीस पंपांच्या पैशांसाठी खरेदीदार विनातारण धनको. समजा शेवटी अशा दाव्यांवर रुपयाला दहा पैसे मिळाले, तर हातात येणार दोन पंपांएवढी रक्कम. तीसचे पैसे गेले, बाराएवढंच परत आलं. याच करारात टप्प्याटप्प्याने पत्र देण्याची अट असती, म्हणजे चाचणी झालेली प्रत्येक खेप त्याच आठवड्यात नेमून द्यायची आणि तेवढ्याच खेपेचे पैसे सोडायचे, तर नुकसान एका खेपेपुरतं राहिलं असतं. मला या सगळ्या तयारीत ही एक अट सर्वांत मोलाची वाटते.

मालकी लवकर मागण्याची किंमतही असते, तिची तयारी त्याच दिवशी करा. वेगळं काही ठरलं नसेल तर जोखीम मालकीमागे जाते. दहा पंप पत्राच्या तारखेला तुमचे झाले आणि दुसऱ्या दिवशी कोणाचाही हलगर्जीपणा नसताना गोदाम जळालं, तर जळाले ते तुमचे पंप, आणि पैसे परत मागता येत नाहीत. करारात दोन्ही वेगळं करता येतं: मालकी आज, जोखीम डिलिव्हरीपर्यंत विक्रेत्याची. हे लिहून घ्याच. पण हे वचन विक्रेत्याच्या ऐपतीएवढंच खरं, आणि आपण तर तो बुडेल या भीतीनेच तयारी करतोय. म्हणून विमा स्वतःच्या नावाने काढा, त्यात त्या गोदामाचा पत्ता घाला आणि पॉलिसी पत्राच्या तारखेपासून सुरू करा. विक्रेत्याच्या पॉलिसीत दुसऱ्याचा माल धरलेला आहे असं तोंडी सांगितलं गेलं तर पॉलिसीची प्रत मागा.

मालकी मिळूनही माल विक्रेत्याकडेच राहिला तर आणखी एक भोक उरतं. ताब्यात असलेला विकलेला माल त्याने दुसऱ्याला विकून हवाली केला आणि तो दुसरा खरेदीदार प्रामाणिक असेल, तर बहुधा तोच जिंकतो. त्यावर उपाय म्हणजे माल तिसऱ्याच्या गोदामात हलवणं आणि गोदामवाल्याकडून ‘हा माल यापुढे आम्ही तुमच्यासाठी धरून आहोत’ असं लेखी घेणं. ते शक्य नसेल तर वेगळा रॅक, त्यावर पाटी, तारखेसह फोटो, आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन अनुक्रमांक ताडून पाहणं. फोटोत क्रमांकाची पट्टी वाचता आली पाहिजे. नुसत्या खोक्यांचा फोटो काही सिद्ध करत नाही. विक्रेत्याचा साठा बँकेकडे तारण असेल तर तुमच्या खेपेपुरतं बँकेचं ना-हरकत पत्र मागा. आणि हे सगळं विक्रेता धडधाकट असताना करा. अडचणीत आल्यावर घाईने एकाच ग्राहकाच्या नावाने माल लावला, तर एका धनकोला झुकतं माप दिलं म्हणून तो व्यवहार उलटवला जाऊ शकतो.

इतकं करूनही बातमी आली, तर एका फाइलीत करार, पैसे दिल्याचा पुरावा, अनुक्रमांकांचं पत्र, तुमचा होकार, फोटो आणि विमा हाताशी असू द्या. त्याच दिवशी बुडालेल्या कंपनीचा कारभार पाहणाऱ्या प्रशासकाला किंवा तिची मालमत्ता विकून वाटणाऱ्या लिक्विडेटरला लिहा की अमुक क्रमांकाच्या वस्तू कंपनीच्या मालमत्तेत धरू नका आणि विकू नका. गोदामावर जाऊन स्वतः माल उचलू नका. त्याने बरोबर असलेली बाजूही बिघडते. भारतात 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती चालू असताना मालकालाही कंपनीच्या ताब्यातली स्वतःची वस्तू परत मिळवता येत नाही, थांबावं लागतं. मात्र कंपनी समापनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून वाटून ती बंद करायची ठरली, तर तिच्या ताब्यातली दुसऱ्याच्या मालकीची वस्तू वाटपाच्या मालमत्तेत येत नाही.

उरलेल्या पैशांचा दावा वेगळा आणि तोही लगेच दाखल करायचा, मालकीच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नाही. भारतात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालासाठी आगाऊ रक्कम दिलेल्यालाही परिचालन धनको, म्हणजे माल किंवा सेवेच्या व्यवहारातून येणं असलेला धनको, मानलं आहे, त्यामुळे दावा त्या वर्गात बसतो. जाहीर सूचनेत शेवटची तारीख दिलेली असते. उदाहरणातल्या खरेदीदाराने दहा पंपांसाठी मालकीचं पत्र आणि वीस पंपांच्या रकमेचा दावा, असे दोन वेगळे कागद पाठवावेत. तिसांचाच पैशाचा दावा करून बसलो तर दहा पंप आपले नाहीत हे आपणच लिहून दिल्यासारखं होतं.