पाइपचं कमिशन नेमकं कुठे बुडतं? एजन्सीच्या करारातल्या या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, चोपडा या पट्ट्यात पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या नळ्यांच्या ऑर्डरी दुकानादुकानांत फिरून घेणारे एजंट भरपूर आहेत. करार करताना त्यांची सगळी ताकद टक्क्यांवर खर्च होते. अडीच की तीन यावर तासभर घासाघीस होते आणि बाकीची चार पानं न वाचताच सही होते. मात्र एजंटचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा त्या न वाचलेल्या पानांमुळे.

एक हिशेब करून पाहू. समजा, तुम्ही यावल तालुक्यात एका कंपनीचं काम करता आणि कमिशन तीन टक्के आहे. २० मे रोजी फैजपूरच्या एका दुकानदाराकडून सहा लाखांची ऑर्डर घेतली, जीएसटी वेगळा. बागायती कापूस आणि मृगबागेच्या केळीची लागवड तोंडावर असल्यामुळे हा काळ मागणीचा. १ जूनला कंपनीने तुम्हाला तीस दिवसांची नोटीस दिली, म्हणजे ३० जूनला करार संपणार. माल ५ जूनला निघाला आणि बिलही त्याच दिवशी झालं. दुकानदाराला साठ दिवसांची उधारी होती, त्याने ४ ऑगस्टला पैसे भरले.

तुमचे १८,००० रुपये तुम्हाला मिळणार का? त्याचं उत्तर करारातल्या एका ओळीवर ठरतं. ‘कमिशन वसूल झालेल्या रकमेवर, वसुलीच्या तारखेला काम करत असलेल्या एजंटला देय राहील’ असं लिहिलं असेल तर तुमच्या हाती शून्य येतं. ऑर्डर तुमची, माल तुमच्या काळात गेलेला, पण ४ ऑगस्टला तुम्ही एजंट नव्हता. ‘करार संपण्यापूर्वी एजंटने घेतलेल्या आणि कंपनीने मान्य केलेल्या ऑर्डरीचा माल करार संपण्यापूर्वी किंवा करार संपल्यानंतर नव्वद दिवसांत गेला, तर त्यावरचं कमिशन वसुली झाल्यावर एजंटलाच मिळेल’ असं असेल तर पूर्ण १८,००० मिळतात.

कायद्याच्या भरवशावर इथे राहता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१९ प्रमाणे वेगळं काही ठरलेलं नसेल तर एजंटचा मोबदला सोपवलेलं काम पूर्ण झाल्यावर देय होतो. पण ‘काम’ म्हणजे ऑर्डर आणणं की पैसे आणून देणं, हे तुमच्या करारानेच सांगायचं असतं. कंपनी वसुलीची अट घालते, ती मला गैर वाटत नाही. बुडीत उधारीवर कमिशन कोण देईल? भांडायचं ते ‘त्या तारखेला काम करत असलेल्या’ या शब्दांशी.

दुसरी गळती मोजण्याच्या पद्धतीत असते, पण ती लहान असते. कंपनी बिलातून २०,००० रुपये वाहतूक आणि वर्षअखेरची दोन टक्के सूट, म्हणजे १२,००० रुपये, वजा करून ५,६८,००० वर कमिशन काढेल. हातात येतील १७,०४०. फरक ९६० रुपयांचा. यावर वाद घाला, पण आधी तारखेची ओळ दुरुस्त करा.

‘यावल तालुका तुमचाच’, पण कोणासाठी?

तालुका दिला म्हणजे तिथे दुसरा एजंट येणार नाही, एवढंच अनेक करारांत लिहिलेलं असतं. कंपनी स्वतः तिथे विकू शकते की नाही, यावर करार गप्प असतो. मग एखादा मोठा बागायतदार थेट जळगावच्या ऑफिसात जातो, त्याला दुकानदाराचाच भाव मिळतो आणि तुम्ही आधी त्याच्या शेतात घातलेल्या चकरा फुकट जातात. करार कायद्याच्या कलम २०७ मध्ये तर असं उदाहरणच आहे: मालकाने घर भाड्याने द्यायचं काम एजंटला सोपवलं आणि नंतर स्वतःच भाड्याने दिलं, तर त्या कामापुरता एजंटचा अधिकार आपोआप मागे घेतला गेला. म्हणून कंपनीची थेट विक्री तुमच्या तालुक्यात झाली तरी तुम्हाला कमिशन मिळेल, असं लिहून घ्या. कंपनीचे जुने ग्राहक त्यातून वगळायचे असतील तर त्यांची नावं यादी करून जोडा. ‘महत्त्वाचे ग्राहक वगळून’ असं मोघम ठेवलं, तर पुढे प्रत्येक चांगला ग्राहक महत्त्वाचाच निघतो.

रावेरकडच्या एजंटांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बिल बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याच्या नावावर होतं आणि पाइप उतरतात रावेरच्या शेतात. हद्द बिलाच्या पत्त्यावर ठरणार की माल उतरण्याच्या ठिकाणावर, हे लिहिलं नाही तर ही विक्री मध्य प्रदेशची धरली जाईल.

तुमच्यावरचं बंधनही करारातल्या या हद्दीच्या कलमातच असतं: दुसऱ्या कंपनीचा माल विकायचा नाही. करार चालू असताना ही अट सहसा टिकते. पण करार संपल्यावर दोन वर्षं पाइपच्या धंद्यात पडायचं नाही, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली साधारणपणे टिकत नाही. तरी ती खोडूनच घ्या, कारण तुमची अनामत कंपनीकडे अडकलेली असते आणि अट दाखवून ती रोखली जाते. अनामत किती दिवसांत परत मिळणार तेही त्याच जागी लिहा.

नोटीस

कंपनीचा माणूस म्हणतो, ‘भाऊ, करार तीन वर्षांचा आहे, टेन्शन घेऊ नका.’ चार ओळी खाली असतं की कोणीही कारण न देता तीस दिवसांच्या नोटिशीवर करार संपवू शकतो. तेव्हा तीन वर्षांना फारसा अर्थ उरत नाही. कलम २०५ नुसार ठराविक मुदतीची एजन्सी पुरेशा कारणाशिवाय मधेच तोडली तर भरपाई मागता येते आणि कलम २०६ नुसार वाजवी नोटीस द्यावी लागते. पण तीस दिवस तुम्हीच मान्य केले असतील तर वाद त्या तीस दिवसांच्या कमिशनपुरता आक्रसण्याची शक्यता मोठी. नव्वद दिवस मागा. कंपनी साठवर येईल. त्याहून कमी असेल तर निदान एवढं घ्या की एप्रिल ते जूनच्या हंगामात विनाकारण नोटीस देता येणार नाही. ‘टार्गेट पूर्ण न झाल्यास तात्काळ रद्द’ असं असेल तर टार्गेटचा आकडा आणि मोजण्याचा काळ करारातच हवा. महिन्याचं टार्गेट मान्य करू नका. पाऊस लांबला की तो महिना हातचा जातो.

काही वर्षं राबून बाजार उभा केला म्हणून जाताना आपोआप काही मोबदला मिळेल, हा समज सोडून द्या. भारतीय कायद्यात एजंटसाठी तशी तरतूद नाही. हवा असेल तर करारात लिहून घ्यावा लागतो.

नोटीस आधीच आली असेल तर

फोनवर वाद घालू नका. त्याच दिवशी प्रलंबित ऑर्डरींची यादी करा: दुकानाचं नाव, ऑर्डरची तारीख, रक्कम आणि कंपनीने ती मान्य केल्याचा मेसेज किंवा मेल. ही यादी मेलने पाठवा आणि वसुलीच्या खातेउताऱ्याची प्रत मागा. आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखालची टीडीएसची नोंदही पाहा. कंपनी तुमचं कमिशन आपल्या पुस्तकात जमा करते तेव्हाच, पैसे दिले नसले तरी, टीडीएस कापायची वेळ येते. एखाद्या तिमाहीत ती रक्कम तिथे दिसत असेल, तर ‘कमिशन लागूच नव्हतं’ असं म्हणणं कंपनीला जड जातं. बाकी रकमेसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि ती पैसे देय झाल्यापासून मोजली जाते. दावा कोणत्या शहरात लावायचा हे करारातल्या शेवटच्या पानावर असतं. तिथे मुंबई लिहिलेलं असेल तर अठरा हजारांसाठी कोणी जाणार नाही, हे कंपनीलाही ठाऊक असतं. म्हणून सही करण्यापूर्वी तिथे जळगाव लिहायला सांगा.