वाऱ्याचा पाऊस आणि कौलांचा चढाव: नव्याने छप्पर घालणाऱ्यांसाठी

मुसळधार सरळ पावसात थेंबही न गळणारं छप्पर वाऱ्याच्या साध्या सरीत गळतं. नवखा माणूस मग फुटकं कौल शोधत बसतो. गळती एकाच दिशेच्या वाऱ्यात होत असेल आणि थेंब रिपांच्या रेषेत पडत असतील, तर कौल बहुधा शाबूत असतं. चूक उताराची किंवा चढावाची असते.

चढाव, म्हणजे वरच्या कौलाने खालच्यावर घेतलेली लांबी, आपण उतारावर मोजतो. पाण्याला मात्र तेवढी उभी उंची चढावी लागते, आणि ती उतार कमी होताच झपाट्याने घटते. ताशी ७२ किलोमीटरचा वारा समोरून आदळला, तर त्याचा पूर्ण दाब सुमारे २४ मिलिमीटर पाणी उचलून धरू शकतो. आत माळा मोकळा असेल तर हा दाब थेट फटीवर येतो.

खरी फसगत पुढे आहे. वासा ३० अंशांत असला तरी कौल ३० अंशांत नसतं. त्याचं खालचं टोक खालच्या कौलावर टेकून उचललं जातं, त्यामुळे चार-पाच अंश कमी होतात. म्हणून हिशोब २५ अंशांनी करा.

समजा, कौल ४१० मिलिमीटरचं आहे आणि पहिल्या रिपेपासून शेवटच्या रिपेपर्यंत ३.३० मीटर अंतर आहे. दहा गाळे पाडले तर रिपा ३३० मिलिमीटरवर येतात, चढाव ८० उरतो, उभी उंची ३४. हे चालतं. एक ओळ वाचवायला नऊच गाळे पाडले, तर अंतर ३६७ होतं, चढाव ४३ आणि उंची जेमतेम १८. हे गळणारच. 'थोडं ओढून घे' असं सांगणाऱ्या मिस्त्रीचं, तो कितीही जुना असो, इथे ऐकू नका.

वासा २० अंशांचा असेल तर पूर्ण ८० चढावातही उंची २१ च्या आसपासच राहते. तिथे ३४ मिळवायला १३० मिलिमीटर चढाव लागेल, आणि खाचेच्या कौलाला तो देताच येत नाही, कारण खाच ठरल्या जागीच बसते. त्यामुळे अशा कौलांसाठी वासा ३० अंशांखाली नेऊ नका: ३ मीटर आडव्या अंतराला १.७३ मीटर उठाव. आडवं अंतर म्हणजे वाशाची लांबी नव्हे.

रिपा ठोकण्याआधी अकरा कौलं जमिनीवर खाचेत बसवून मांडा. एकदा ओढून, एकदा दाबून पहिल्याच्या वरच्या कडेपासून अकराव्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. सरासरीला दहाने भागा. भट्टीत कौलं कमीजास्त आकसतात, त्यामुळे छापील मापापेक्षा हेच खरं. वळचणीची रीप कौलाच्या जाडीएवढी उंच घ्या, कारण पहिल्या ओळीखाली कौल नसतं.

हे जमायला दोन तास पुरतात, घाबरायचं काही नाही. गळल्यावर फटींत सिमेंट भरणं मात्र टाळा. त्याला तडा गेला की बारीक फट पाणी ओढून धरते आणि रीप कुजते.