अटक, रिमांड आणि जामीन: उजळणीत या चुका टाळा

फौजदारी प्रक्रियेची उजळणी करणारे बहुतेक विद्यार्थी अटकेची कलमे एका पानावर, रिमांडची दुसऱ्या पानावर आणि जामिनाची तिसऱ्या पानावर लिहितात. प्रत्यक्ष प्रकरणात मात्र हे तिन्ही टप्पे तारखांच्या एकाच साखळीत येतात. ती साखळी डोळ्यांसमोर नसली की पाठ केलेले कलमही चुकीच्या जागी लावले जाते.

एक प्रकरण धरून चालू. राहत्या घरातील चोरीचा गुन्हा आहे, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम 305, शिक्षा सात वर्षांपर्यंत. संशयिताला 3 मार्च 2025 रोजी रात्री आठ वाजता अटक झाली. येथे पहिली चूक होते, ती म्हणजे गुन्हा दखलपात्र आहे म्हणून अटक आपोआप योग्य ठरते असे लिहिणे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 प्रमाणे अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांनी नोंदवावी लागतात, आणि अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते.

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले पाहिजे. या चोवीस तासांत अटकेच्या ठिकाणापासून न्यायालयापर्यंतच्या प्रवासाचा आवश्यक वेळ मोजत नाहीत. आपल्या प्रकरणात आरोपीला 4 मार्चला दुपारी हजर केले आणि त्याच दिवशी रिमांड मिळाला.

आता ज्या चुकीचा मला सर्वाधिक राग येतो ती. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 खालील, दोषारोपपत्र दाखल करण्यासाठीची 60 किंवा 90 दिवसांची मुदत अटकेच्या तारखेपासून मोजायची नसते, ती पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजायची असते. आणि 2023 साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने रिमांडचा दिवसही मोजणीत धरायचा असे स्पष्ट केले आहे. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यांना 90 दिवस आणि बाकीच्यांना 60, म्हणून येथे 60 दिवस लागू होतात. 4 मार्च हा पहिला दिवस धरला की 31 मार्चला 28 दिवस होतात, 30 एप्रिलला 58, आणि 2 मे हा साठावा दिवस येतो. तोपर्यंत दोषारोपपत्र आले नाही, तर डिफॉल्ट जामिनाचा हक्क 3 मे रोजी उत्पन्न होतो.

एका तरुण वकिलाने अशाच प्रकरणात अटकेच्या तारखेपासून बोटांवर मोजणी केली. साठ दिवस संपले असे समजून त्याने प्रत्यक्षात साठाव्याच दिवशी अर्ज दिला. अर्ज मुदतपूर्व म्हणून फेटाळला गेला, संध्याकाळी दोषारोपपत्र दाखल झाले, आणि दुसऱ्या दिवशी मागण्यासारखा हक्कच उरला नाही. हक्क उत्पन्न झाल्यावर, पण दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज दिलेला असता आणि आरोपी जामीन देण्यास तयार असता, तर नंतर आलेल्या दोषारोपपत्राने तो हक्क हिरावला गेला नसता. घाईने केलेली मोजणी कारकुनी चूक म्हणून सोडून देणे मला मान्य नाही, कारण तिची किंमत कोठडीतला माणूस मोजतो. मी तारखा नेहमी महिनावार लिहून, प्रत्येक महिन्याचे दिवस वेगळे बेरीज करून मोजतो, आणि विद्यार्थ्यांनाही दुसरी पद्धत वापरू देत नाही.

दुसरी हट्टी चूक पोलीस कोठडीची आहे. 1973 च्या जुन्या संहितेखाली, 1992 च्या निर्णयानुसार, पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळत असे. जुन्या टिपणांवर विसंबणारे आजही तेच लिहितात, तर नवे कलम वरवर वाचणारे पोलीस कोठडी चाळीस दिवसांची झाली असे लिहितात. दोन्ही चूक आहे. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांचीच राहते. फक्त ती सलग किंवा तुकड्यांत, 60 दिवसांच्या प्रकरणात पहिल्या 40 दिवसांत आणि 90 दिवसांच्या प्रकरणात पहिल्या 60 दिवसांत मागता येते. आपल्या उदाहरणात ही खिडकी 12 एप्रिलला बंद होते, म्हणून 20 एप्रिलला पोलीस कोठडी मागणारा अर्ज पंधरापैकी दिवस शिल्लक असले तरी टिकत नाही. न्यायालयीन कोठडी मात्र पुढे चालू राहू शकते.

किरकोळ चुका लवकर आटोपतो. अटक झाल्यावर अटकपूर्व जामीन मागता येत नाही, तेव्हा मार्ग कलम 480 किंवा 483 चा. जामीनपात्र गुन्ह्यात कलम 478 खाली जामीन हा हक्क आहे, तेथे न्यायालयाच्या विवेकाची चर्चा लिहू नका. आणि डिफॉल्ट जामिनाच्या अर्जात आरोपी निर्दोष कसा आहे यावर परिच्छेद भरू नका. तेथे न्यायालयाला तपासायचे असते ते मुदत कधी संपली, दोषारोपपत्र कधी आले आणि अर्ज कधी झाला एवढेच.