मुलांचा ऑनलाइन वर्ग आणि घरची बैठक : या चुका टाळा

माझी मुलगी तिसरीत आहे. ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप ठेवला, समोर खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. मी स्वतः तिथेच बसून काम करते, त्यामुळे जागा चांगलीच असणार असं मी धरून चालले. दहाएक दिवसांनी ती वर्ग संपला की मान चोळू लागली. मी आधी स्क्रीन उंच केली, मग खाली केली, मग तिरकी करून पाहिली. कशानेच फरक पडला नाही, कारण चूक स्क्रीनमध्ये नव्हतीच.

एके दिवशी वर्ग चालू असताना मी तिच्या बाजूला जमिनीवर बसून नुसतं पाहत राहिले. तिचे खांदे कानांपर्यंत वर आले होते. कोपरं टेबलावर टेकावीत म्हणून ती ते उचलून धरत होती. पाय अधांतरी लोंबकळत होते, आणि पाठ टेकायला गेली की गुडघ्याखालचा भाग खुर्चीच्या कडेवर दाबला जात होता. म्हणून ती पुढे सरकून, कडेवर बसून, टेबलाच्या आधाराने लटकल्यासारखी बसत होती. अशा बसण्यात मान दुखणारच.

पहिली चूक : स्क्रीनपासून सुरुवात करणं

स्क्रीनची उंची सगळ्यात शेवटी ठरवायची असते. घरातलं टेबल कमी-जास्त होत नाही, म्हणून पहिलं माप टेबल आणि कोपर यांचं. मूल ताठ बसून हात सैल सोडून कोपर काटकोनात वाकवतं, तेव्हा कोपराची खालची बाजू आणि टेबलाचा पृष्ठभाग साधारण एका पातळीत यायला हवेत. त्यावरून बैठकीची उंची ठरते, बैठकीवरून पायांखालचा आधार, आणि हे सगळं जमल्यावर डोळे जिथे येतात तिथे स्क्रीन.

आमचं गणित सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचे आकडे घालून पाहता येतील. टेबल 75 सेंटीमीटर उंच. खुर्चीची बैठक 45. मुलीची उंची 126. ती बसलेली असताना बैठकीपासून तिच्या कोपरापर्यंतचं अंतर भरलं 17. म्हणजे बैठक हवी 75 वजा 17, 58 सेंटीमीटरवर. खुर्ची 45 ची, तेव्हा 13 सेंटीमीटर वर उचलायला हवी.

इथे उशी घालण्याचा मोह होतो. मीही घातली. पण मऊ उशी मूल बसल्यावर अर्ध्याहून जास्त दबते, शिवाय ती डुगडुगते, आणि डुगडुगणाऱ्या बैठकीवर मूल सारखं तोल सावरत राहतं. घट्ट घड्या घातलेल्या चादरी किंवा दाट फोम चांगला. तो खुर्चीला पट्ट्याने बांधून टाका. मूल बसलेलं असतानाच पुन्हा मोजा, रिकाम्या खुर्चीचं माप उपयोगाचं नाही. चाकांची खुर्ची असेल तर तिच्यावर असा थर देऊ नका, सरकून पडण्याची भीती असते.

टेबलाच्या फळीखाली लाकडी पट्टी असेल तर तीही तपासा. बैठक वर आली की मांड्या तिला अडकतात आणि मूल पाय बाजूला काढून वाकडं बसतं. मांड्यांवर निदान दोन बोटं मोकळी जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर त्या टेबलाचा नाद सोडून बुटकं टेबल शोधणं बरं.

दुसरी चूक : पाय लोंबकळत ठेवणं

बैठक वर उचलली की पाय आणखी अधांतरी होतात, आणि पुष्कळ पालक नेमके इथे थांबतात. माझ्या मुलीच्या गुडघ्यामागच्या खाचेपासून तळव्यापर्यंत 32 सेंटीमीटर भरतात. बैठक 58 वर आली, म्हणजे पायांखाली 26 सेंटीमीटरचा आधार हवा. मी एक भक्कम लाकडी खोकं उलटं घातलं आणि वर जुन्या वह्यांचा गठ्ठा घट्ट बांधून उरलेली उंची भरून काढली. दोन्ही तळवे पूर्ण टेकायला हवेत, नुसते चवडे नाहीत. पुठ्ठ्याचा खोका आठवड्यात चेपतो, तो नको.

पायांना आधार नसला की मूल बैठकीवरून पुढे घसरतं. आपण "नीट बस" म्हणून ओरडतो, ते नीट बसतं आणि पाच मिनिटांत पुन्हा घसरतं. तो हट्ट नसतो. पायांचं वजन मांडीच्या खालच्या बाजूला रुततं, आणि ते टाळायला शरीर आपोआप पुढे सरकतं.

याच्याच जोडीची गोष्ट म्हणजे बैठकीची खोली. मोठ्यांची खुर्ची मुलाच्या मांडीपेक्षा लांब असते. पाठीमागे एक कडक उशी उभी ठेवा. पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली की झालं.

आता स्क्रीन. बैठकीपासून मुलीच्या डोळ्यांपर्यंत 57, आणि बैठक 58 वर, म्हणजे डोळे जमिनीपासून 115 वर, टेबलापासून 40 वर. लॅपटॉप उघडल्यावर स्क्रीनची वरची कड टेबलापासून 23 वर येते. ती डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी, म्हणून लॅपटॉपखाली 14 सेंटीमीटर जाडीची पुस्तकं ठेवली. नजर सहज थोडी खाली पडली पाहिजे. हनुवटी वर उचलावी लागत असेल तर स्क्रीन जास्त उंच झाली. लॅपटॉप असा उचलला की त्याच्या कीबोर्डवर टाइप करणं अवघड जातं, हे खरं. पण तिसरीतलं मूल वर्गात बहुतेक वेळ ऐकतं आणि वहीत लिहितं, त्यामुळे आमचं वेगळ्या माउसवर भागलं. टाइप करण्याचं काम असेल तर वेगळा कीबोर्ड लागेलच.

तिसरी चूक : अंतर ठरवून दिलं, पण मूल पुढे का येतं ते पाहिलं नाही

मुलाने पाठ टेकून हात सरळ पुढे केला की मूठ स्क्रीनला जेमतेम लागावी, एवढं अंतर. या वयात ते 50 सेंटीमीटरच्या आसपास येतं. पण मोजून ठेवलेलं अंतर टिकत नाही, कारण स्क्रीन जागच्या जागी राहते आणि डोकं पुढे येतं.

डोकं पुढे आलं तर आधी अक्षरं मोठी करा. ब्राउझरमध्ये Ctrl दाबून + दाबा आणि 125 किंवा 150 टक्क्यांपर्यंत न्या. बाई फळ्यावर लिहीत असतील तर सगळ्या मुलांच्या चौकटी दिसण्याऐवजी त्यांचीच चौकट मोठी करा. मग चकाकी पाहा. स्क्रीन बंद करून मुलाच्या जागी बसा. काळ्या काचेत खिडकी किंवा दिवा दिसला, तर तो मुलालाही दिवसभर दिसतो आहे. खिडकी मुलाच्या पाठीमागे नको आणि स्क्रीनच्या मागेही नको, बाजूला हवी. टेबल फिरवणं शक्य नसेल तर त्या वेळेपुरता पडदा ओढा.

अक्षरं मोठी केली, चकाकी घालवली, तरी मूल पुढे वाकतं, डोळे बारीक करतं किंवा मान एका बाजूला कलती धरून पाहतं, तर मग प्रश्न बैठकीचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या आणि ती लांबणीवर टाकू नका. दूरचं कमी दिसतं हे मुलं सहसा आपण होऊन सांगत नाहीत, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्यांना वाटत असतं.

वर्ग फोनवर असेल तर अंतर पाळणं जवळजवळ अशक्य होतं. एवढ्याशा पडद्यावरचा फळा वाचायला मूल फोन 20-25 सेंटीमीटरवर आणतं. 50 वरून 25 वर आलं की डोळ्याला जवळचं स्पष्ट दिसण्यासाठी दुप्पट जोर लावावा लागतो, आणि तोही तासन् तास. घरात टीव्ही असेल तर फोन त्याला जोडा आणि मुलाला दोनेक मीटरवर वही घेऊन बसवा. माझ्या मते लहान मुलांसाठी ही सोय लॅपटॉपपेक्षाही चांगली आहे. ते जमणार नसेल तर फोन निदान स्टँडवर उभा करा, हातात देऊ नका. बाई बोलत असतील तेव्हा पडद्याकडे न बघता ऐकलं तरी चालतं, हे मुलाला सांगून ठेवा.

वही लॅपटॉपच्या एका बाजूला ठेवू नका. मूल त्या बाजूला वळून लिहितं आणि महिन्याभरात तसंच वाकडं बसायची सवय लागते. लॅपटॉप मागे सरकवून वही समोर घ्या. वहीखाली जाड फाइल तिरकी ठेवली तर मान कमी वाकते.

चौथी चूक : विश्रांती म्हणून फोन देणं

दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांवर पाहा, हा नियम बहुतेकांना माहीत असतो. 20 फूट म्हणजे साधारण 6 मीटर. एवढ्या अंतरावरचं पाहताना डोळ्यातला जवळचं दिसण्यासाठी ताणलेला स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतो, म्हणून तो आकडा. पण चालू वर्गात घड्याळ लावून हे होत नाही, आणि गजर वाजला तर मुलाचं लक्ष उडतं. आम्ही ते वर्गातल्या घडामोडींना जोडलं. हजेरी चालू झाली की खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहायचं. दुसरं मूल धडा वाचून दाखवत असेल तेव्हाही तेच, आणि सोबत पाच-सहा वेळा डोळे पूर्ण मिटून उघडायचे. स्क्रीनकडे टक लावून पाहताना पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी लवतात, त्यामुळे डोळे चुरचुरतात.

दोन तासांच्या मधल्या दहा मिनिटांत मुलगी खुर्चीवरून खाली उतरतेच. पाणी प्यायला जाते, गॅलरीत जाऊन येते, दारापर्यंत दोन फेऱ्या मारते. सुरुवातीला मी त्या दहा मिनिटांत तिला शांत बसावी म्हणून फोन द्यायचे. डोळ्यांच्या आणि मानेच्या दृष्टीने ती विश्रांती नव्हतीच. उलट पडदा आणखी जवळ आला होता.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. हे 20 सेकंद थकवा आणि कोरडेपणा कमी करतात, चष्म्याचा नंबर त्यांनी थांबत नाही. नंबर लागण्याची शक्यता कमी करायला उपयोगी पडतो तो बाहेरचा दिवसाचा उजेड, रोज साधारण दोन तास. तो घरातल्या दिव्यांनी भरून निघत नाही. म्हणून संध्याकाळचा खेळ गृहपाठासाठी कापू नका. गृहपाठ अंधार पडल्यावर होऊ शकतो.

आमची मापं जूनमध्ये घेतलेली होती. डिसेंबरात मुलगी पुन्हा खांदे पाडून, टेबलावर ओणवी होऊन बसलेली दिसली. ती 3 सेंटीमीटर वाढली होती आणि तीच बैठक आता तिला उंच पडत होती. चादरीची एक घडी काढली, मूल बसवून कोपर पुन्हा टेबलाशी जुळवलं, मग पायांखालच्या वह्या आणि लॅपटॉपखालची पुस्तकं त्याच क्रमाने पुन्हा मोजून लावली.