इंटिग्रेटिंग फॅक्टर: या चुका टाळा

एकच गणित घेऊन बसू. x·y' + 3y = 5x², आणि अट y(−1) = 2. शिकवणीला येणाऱ्या प्रत्येक नव्या बॅचला मी हेच देतो, आणि निम्म्या वह्यांत पहिल्याच ओळीत घोळ असतो.

साचा y' + P·y = Q, आणि इंटिग्रेटिंग फॅक्टर म्हणजे आयएफ e^(∫P dx). पण y च्या शेजारी 3 दिसला की लगेच P = 3, आयएफ e^(3x). अरे, आधी y' मोकळा करा! अख्ख्या समीकरणाला x ने भागलं की y' + (3/x)y = 5x होतं, P निघतो 3/x आणि आयएफ x³. शंका आली तर आयएफ गुणा y याचं डेरिव्हेटिव्ह रफमध्ये काढून बघायचं. (x³y)' = x³y' + 3x²y, म्हणजे आयएफने गुणलेली डावी बाजू जशीच्या तशी आली. e^(3x) ने ती येत नाही.

उजवी बाजू आयएफने गुणायची राहते, तेही चालूच असतं.

आता माझा खरा राग. गेल्या वर्षी एक मुलगा भांडायलाच आला, ‘सर, सगळं बरोबर आहे, तरी मार्क कापले.’ वही बघितली. x³y = x⁵ इथवर छान. मग x³ ने भागून y = x², आणि तेव्हा कुठे आठवण होऊन शेवटी + C. अट घालून C = 1, उत्तर y = x² + 1. मी म्हटलं, मूळ समीकरणात टाक. डावीकडे 2x² + 3x² + 3 आलं, उजवीकडे 5x². तो तीन कुठून आला हे बघत बसला बिचारा. C इंटिग्रेशनच्याच ओळीत लिहायचा. x³y = x⁵ + C, मग भागल्यावर y = x² + C/x³. अट घातली की 1 − C = 2, म्हणजे C = −1 आणि y = x² − 1/x³. मी तर इंटिग्रलचं चिन्ह पुसलं गेलं की त्याच क्षणी C लिहितो, बाकीचं नंतर. ‘शेवटी टाकू की’ म्हणणाऱ्यांना घाई नडते.

उत्तर कुठे चालतं, याला बहुतेक जण ‘x ≠ 0’ लिहून मोकळे होतात. ते दोन तुकडे झाले. अट −1 वर दिलीय, आणि शून्याजवळ 1/x³ हाताबाहेर जातो, त्यामुळे तिथून पलीकडे जाता येत नाही. उत्तर फक्त x < 0 साठी. उजव्या तुकड्यावर C दुसरा कुठलाही घेतलात तरी समीकरण तक्रार करत नाही, −1 वरच्या अटीला तिथलं काही कळतच नाही.

अट y(−1) = 1 असती तर मात्र C शून्य, y = x², आणि ते शून्यावरही बिनदिक्कत चालतं. P तिथे फुटतो म्हणून उत्तर फुटतंच असं नाही. उत्तर असतं आणि एकच असतं हे सांगणारं प्रमेय x < 0 एवढ्याचीच हमी देतं, पुढचं उत्तराकडे बघून ठरवायचं.