सिलिंडर बदलल्यावर गॅसचा वास: दोष वायसरचा निघाला

नवीन सिलिंडर लावला की ओट्याखाली गॅसचा वास यायचा. शेगडी बंद असली तरी यायचा, रेग्युलेटर बंद केला की थांबायचा. बर्नर साफ करून घेतले, नळी बदलली, तरी वास तसाच. रात्री झोप लागेना.

शेवटी हे केलं. आधी शेगडीची बटणं बंद, मग रेग्युलेटर बंद. खिडकी आणि मागचं दार उघडलं. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडणं महत्त्वाचं. दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांच्या बटणांना हात लावला नाही; चालू असेल तर चालूच, बंद असेल तर बंदच. ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते.

वास पूर्ण गेल्यावर रेग्युलेटर चालू करून साबणाचं पाणी आधी नळीच्या दोन्ही टोकांना लावलं. काही नाही. रेग्युलेटर जिथे सिलिंडरवर बसतो तिथे लावताच बारीक बुडबुडे फुगू लागले. लगेच बंद करून रेग्युलेटर काढला, सिलिंडरच्या तोंडावर दोरीची टोपी दाबून बसवली आणि एजन्सीला कळवलं. मेकॅनिकने व्हॉल्व्हच्या आतला काळा रबरी वायसर काढून दाखवला: एका बाजूने चिरलेला. नवा बसवला, पुन्हा साबणपाणी लावलं, बुडबुडा नाही.

रेग्युलेटर काढल्यावरही वास येत राहिला, तर बिघाड व्हॉल्व्हच्या पिनमध्ये असू शकतो. तेव्हा टोपी लावून सिलिंडर उघड्यावर, विस्तवापासून लांब न्यायचा आणि बाहेरूनच १९०६ वर फोन करायचा.